संपादित पुस्तकातल्या एका लेखाचा संदर्भ द्यायचा की अख्ख्या पुस्तकाचा? (सरांनी 23 ठिकाणी लाल गोल केले)

घाटंजीची_मास्तरीण · रविवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि सोबत पीएचडी चालू आहे, विषय जातीबद्दलच्या आंबेडकरांच्या लिखाणावर आहे. दोन प्रकरणं गाईड सरांना दिली होती ती परत आली, आणि 23 ठिकाणी लाल गोल. सगळे एकाच गोष्टीवर. मी कंसात (मून, 1979) असं लिहिलं होतं कारण माझ्याजवळ जो खंड आहे, म्हणजे सरकारनं काढलेल्या रायटिंग्ज अँड स्पीचेसचा पहिला खंड, त्यावर वसंत मून यांचं नाव आहे. एका ठिकाणी तर मी लिहिलं होतं "मून (1979) यांच्या मते जात म्हणजे बंदिस्त वर्ग". सरांनी बाजूला फक्त एवढंच लिहिलं, "हे मून म्हणाले?" आणि पुढे काहीच नाही, फोन केला तर म्हणे संदर्भ लिहायच्या एपीए शैलीची सातवी आवृत्ती वाचा.

आता मला सांगा पुस्तक तर एकच आहे ना, मग यादीत पुस्तक लिहू की लेख? आणि लेख लिहायचा तर एकाच पुस्तकाच्या चार नोंदी होतील, ते बरोबर दिसतं का? डोकं बंद पडलंय, उद्या सकाळी शाळेत नवोदयचे फॉर्म भरायचे आहेत ते वेगळंच.

कापूस_ते_कंप्युटर · रात्री 9:58

ताई सोपं आहे. यादीत पुस्तक एकदाच टाकायचं आणि मजकुरात पान नंबर द्यायचा, वाचणारा पान उघडून बघेल की. मी माझ्या एमएच्या प्रबंधात असंच केलं, कोणी काही बोललं नाही. फक्त मूनच्या जागी आंबेडकर करा, सगळं त्यांनीच लिहिलंय ना. (आंबेडकर, 1979, पृ. 15). झालं. फाइंड-रिप्लेस मारा, दोन मिनिटाचं काम.

जुना_वऱ्हाडी · रात्री 10:15

अरे त्याच खंडात बाबासाहेबायचं भाषावार राज्यावरचं लिखाण आहे पोट्टेहो, 1955 चं. महाराष्ट्राचे चार तुकडे करा म्हणे, मुंबई, पश्चिम, मध्य अन पूर्व, अन पूर्व म्हणजे आपला विदर्भ. कोणी वाचते का ते? वेगळ्या विदर्भाचं नाव काढलं की लोक तोंड फिरवून घेतेत.

घाटंजीची_मास्तरीण · रात्री 10:21

काका विषय तो नाही 😅

ग्रंथपाल_ताई · रात्री 10:47

विषय तो नाही, पण काकांनी नकळत बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. पहिल्या खंडात काय काय आहे ते बघा. कास्ट्स इन इंडिया हा निबंध बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचला, छापून आला 1917 मध्ये इंडियन अँटिक्वेरीत. छोट्या शेतजमिनींवरचा लेख 1918 चा. ॲनिहिलेशन ऑफ कास्ट 1936 चं. आणि काका म्हणतात ते 1955 चं. म्हणजे पंचविशीतला विद्यार्थी आणि साठी ओलांडलेला राज्यघटनेचा शिल्पकार, दोघंही एकाच बाइंडिंगमध्ये. तुम्ही (मून, 1979) लिहिलंत काय किंवा (आंबेडकर, 1979) लिहिलंत काय, वाचणाऱ्याला कळत नाही की हा विचार 1917 चा आहे की 1936 चा. तुमचा विषयच त्या विचारावर आहे म्हणता, मग तिथंच धुकं ठेवून कसं चालेल.

कापूस_ते_कंप्युटर यांचं म्हणणं अर्ध बरोबर आहे. एका लेखकानं एका हाती, एका सलग विचारानं लिहिलेलं पुस्तक असेल, त्यातलं चौथं प्रकरण वापरलं, तर एपीएमध्ये यादीत पूर्ण पुस्तकच टाकतात आणि प्रकरण किंवा पान मजकुरात देतात. तिथं प्रकरणाची वेगळी नोंद करत नाहीत. पण हे तसं पुस्तक नाही, हे वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे छापलेले लेख नंतर कोणीतरी एकत्र बांधलेत. इथं लेख हाच एकक, आणि पुस्तक म्हणजे त्याचं राहण्याचं ठिकाण.

मी लायब्ररीत आलेल्या पोरांना एकच युक्ती सांगते. वाक्यात "म्हणतात" हा शब्द घाला आणि विचारा, कोण म्हणतात? ज्याचं नाव येईल ते संदर्भात पहिलं. संपादकाचं नाव तेव्हाच पहिलं यावं जेव्हा तुम्ही संपादकाच्या कामाबद्दल बोलता.

झाडीचा_पोऱ्या · रात्री 11:05

ताई भारी समजावलं. पण संपादकाच्या कामाबद्दल म्हणजे काय, उदाहरण द्या ना. माझ्यापाशी तर असं पुस्तक आहे ज्यात 14 लोकांचे लेख आहेत न मी प्रस्तावनाच वापरली आहे फक्त.

ग्रंथपाल_ताई · रात्री 11:20

प्रस्तावना संपादकाची असेल तर तीसुद्धा एक लेखच. तिच्यावर नाव असतं, पानं असतात. लेखक म्हणून संपादकाचं नाव, लेखाचं नाव "प्रस्तावना", मग परत संपादक म्हणून त्याच माणसाचं नाव, मग पुस्तक. एकच नाव दोनदा येतं म्हणून पोरं घाबरतात, घाबरू नका.

पूर्ण पुस्तक कधी? समजा मास्तरीणबाईंनी लिहिलं की 1979 पासून शासनानं आंबेडकरांचं लिखाण खंडवार काढायला सुरुवात केली आणि त्यामुळे हे विखुरलेलं साहित्य अभ्यासकांच्या हाती आलं. हे वाक्य कुठल्या एका लेखातलं नाही, ते त्या खंडाबद्दल आहे. तिथं मून, कंसात संपादक, 1979, खंडाचं नाव. तिथं मून यांचं नाव पहिलं येणं हाच न्याय, नागपूरच्या त्या माणसानं आयुष्य घातलं त्यात.

प्राध्यापक_बिनपगारी · सोमवार, सकाळी 7:12

चांगला धागा आहे म्हणून विचारतो, माझा एक चॅप्टर तयार आहे, आयएसबीएन असलेल्या संपादित ग्रंथात कोणी छापून देईल का? एक जण 1800 रुपये मागून रायला, प्रमाणपत्रासकट. युजीसीच्या 2018 च्या तक्त्यात संपादित पुस्तकातल्या चॅप्टरचे 5 गुण आहेत म्हणे.

कापूस_ते_कंप्युटर · सकाळी 7:30

सर हा धागा संदर्भ कसा लिहावा यावर आहे 🙏

प्राध्यापक_बिनपगारी · सकाळी 7:41

माहीत आहे हो. पण ऐका, माझा याच्याशी संबंध आहे. तीन वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या पुस्तकात माझा लेख आला, पूस नदीकाठच्या गावांतल्या सिंचनावर, आठ गावं मोटरसायकलवर फिरून माहिती गोळा केली होती मी. मागच्या वर्षी एका शोधनिबंधात माझाच तक्ता जसाच्या तसा दिसला आणि खाली नाव कोणाचं, तर पुस्तकाच्या संपादकाचं! संपादक साहेबांनी त्या गावांत पाऊल ठेवलं नाही कधी. त्या लेखकाला फोन केला तर म्हणे कव्हरवर तुमचं नाव नव्हतं. अनुक्रमणिका कोण उघडणार? तेव्हापासून कोणी पूर्ण पुस्तकाचा संदर्भ दिला की माझ्या पोटात कळ येते.

ग्रंथपाल_ताई · दुपारी 1:25

सर, तुमचंच उदाहरण धरून चालू. कव्हरवर "संपादक" हा शब्द दिसला की थांबायचं आणि अनुक्रमणिकेत जायचं. तिथं प्रत्येक लेखासमोर वेगळं नाव असेल तर कव्हरवरचं नाव संदर्भात पहिलं येणार नाही.

इंग्रजीतलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. स्पिवाक यांचा कॅन द सबॉल्टर्न स्पीक हा लेख नेल्सन आणि ग्रॉसबर्ग यांनी संपादित केलेल्या मार्क्सिझम अँड द इंटरप्रिटेशन ऑफ कल्चर या 1988 च्या पुस्तकात आला, पानं 271 ते 313. आता "नेल्सन आणि ग्रॉसबर्ग म्हणतात की दुय्यम माणूस बोलू शकतो का" असं कोणी लिहील का? हसतील लोक. पण मराठी पुस्तकाबाबत आपण रोज हेच करतो.

घाटंजीची_मास्तरीण · संध्याकाळी 6:50

शाळा सुटली, आता बसली आहे. ताई मी समजले पण लिहायचं कसं ते प्रत्यक्ष दाखवा ना, प्लीज. बंदिस्त वर्गवालं वाक्य माझ्या झेरॉक्समध्ये पान 15 वर आहे.

ग्रंथपाल_ताई · रात्री 8:05

पान 15 म्हणजे कास्ट्स इन इंडिया, कारण तो निबंध या खंडात 3 ते 22 पानांवर आहे. 23 पासून 96 पर्यंत ॲनिहिलेशन. मग यादीत दोन नोंदी होतील. लेखाचं नाव साधं, पुस्तकाचं नाव तिरक्या अक्षरात, इथं मला तिरकं करता येत नाही तेवढं समजून घ्या:

आंबेडकर, बी. आर. (1979अ). ॲनिहिलेशन ऑफ कास्ट. व. मून (संपा.), डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस (खंड 1, पृ. 23–96) मध्ये. शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन. (मूळ प्रकाशन 1936)

आंबेडकर, बी. आर. (1979ब). कास्ट्स इन इंडिया: देअर मेकॅनिझम, जेनेसिस अँड डेव्हलपमेंट. व. मून (संपा.), डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस (खंड 1, पृ. 3–22) मध्ये. शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन. (मूळ प्रकाशन 1917)

आणि मजकुरात (आंबेडकर, 1917/1979ब, पृ. 15). मूळ साल आधी, तुमच्या हातातल्या प्रतीचं नंतर. अ आणि ब कुठून आले, तर एकच लेखक आणि एकच साल असलं की लेखाच्या नावाच्या अक्षरक्रमानं लावतात, कोणता आधी लिहिला त्यावर नाही. म्हणून 1936 चा अ झाला आणि 1917 चा ब. उलटं दिसतं पण बरोबर आहे.

दोन पानांचा घोळ करू नका. यादीत लेखाची सुरुवात ते शेवट, 3–22. मजकुरात नेमकं पान, 15. पुष्कळ जण मजकुरात पण 3–22 टाकतात, मग परीक्षकाला वीस पानं चाळावी लागतात.

कापूस_ते_कंप्युटर · रात्री 8:30

ठीक आहे मान्य, माझा फाइंड-रिप्लेस मागे घेतो. पण संपादकाचं, पुस्तकाचं, प्रकाशकाचं नाव प्रत्येक नोंदीत परत परत? चार लेख वापरले तर चार वेळा तेच? मी कुठंतरी वाचलं होतं की पुस्तक एकदा पूर्ण लिहायचं आणि लेख थोडक्यात त्याला जोडायचे.

ग्रंथपाल_ताई · रात्री 8:44

तुम्ही वाचलं ते एमएलए या दुसऱ्या शैलीचं, तिथं चालतं. पुस्तकाची एक पूर्ण नोंद, आणि लेखाच्या नोंदीत लेखक, लेख, संपादकाचं आडनाव आणि पानं एवढंच. एपीएत मात्र प्रत्येक लेखाची नोंद पूर्ण. कागद जास्त लागतो, काय करणार.

झाडीचा_पोऱ्या · रात्री 8:52

मी संदर्भ सांभाळायले झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरतो न त्यात एक गंमत होते. आयएसबीएन टाकला की ते `Book` म्हणून येते, न पोट्टे तसंच ठेवतात. मग राइट क्लिक करून `Create Book Section` घ्यावं लागते, त्यात लेखकाला `Author` न मूनले `Editor`. मी सुरवातीला मूनले `Author` मध्येच ठेवलं होतं म्हणून सगळ्या यादीत तेच पहिले येऊन रायले होते. `Book Author` नावाचा एक रकाना आहे तो रिकामाच सोडा, नाव सारखं वाटते म्हणून मी संपादक तिथं भरला होता, दोन दिवस गेले माझे. मूळ सालासाठी `Extra` मध्ये हे टाकायचं:

```
original-date: 1917
```

एपीए शैली निवडली असेल तर 1917/1979 आपोआप येते.

घाटंजीची_मास्तरीण · रात्री 9:10

आमच्या इथं लाइट दिवसातून तीनदा जाते, मी वर्डमध्ये हातानंच करते भाऊ. पण लिहून ठेवलं.

आता माझी अडचण. खंडाचं झेरॉक्स मी अमरावतीहून आणलं, तेव्हा घाईघाईत पहिली पानं काढलीच नाही, एसटीची वेळ झाली होती. मग साल 1979 आहे की दुसरं काही हे मला कसं कळणार? मी तर अंदाजानं लिहिलं, सगळे तेच लिहितात म्हणून.

ग्रंथपाल_ताई · रात्री 9:31

हे मात्र वाईट झालं. पहिल्यांदा हा खंड 1979 ला शासनाच्या शिक्षण विभागानं काढला, नंतर डॉ. आंबेडकर फाउंडेशननं 2014 मध्ये परत छापला. तुमची प्रत दुसरी असेल तर साल आणि प्रकाशक दोन्ही बदलतील, आणि 1979 लिहिणं म्हणजे न पाहिलेल्या प्रतीचा संदर्भ देणं. ज्या पुस्तकाचं झेरॉक्स काढलं तिथं जाऊन मुखपृष्ठाच्या आतलं पान आणि त्याच्या मागची बाजू यांचा फोटो आणा. लेखाचं झेरॉक्स काढताना ही दोन पानं आणि अनुक्रमणिका आधी काढायची, लेख नंतर. मी काउंटरवर चिठ्ठी चिकटवली आहे तशी.

अजून एक. आतल्या पानावर "संकलक" लिहिलंय की "संपादक" ते बघा, आणि जे छापलंय तेच लिहा.

जुना_वऱ्हाडी · रात्री 9:50

संकलक अन संपादक यात फरक काय? काम तं तेच केलं ना मानसानं.

प्राध्यापक_बिनपगारी · रात्री 10:02

काका फरक असतो, संकलक गोळा करतो, संपादक कापतो-छाटतो, टिपा देतो. पण एपीएत दोघांनाही संपादकच लिहावं असं माझं मत.

ग्रंथपाल_ताई · रात्री 10:10

माझं मत उलट, छापलं तेच. यावर तुमच्या गाईड सरांनाच विचारा, शेवटी सही त्यांची.

मराठीचा_मास्तर · रात्री 10:33

उशिरा आलो. तुम्ही सगळे कंसवाले, आम्ही मराठी विभागात अजून तळटीपा देतो, आणि आमच्याकडे हा घोळ "तत्रैव" मुळे होतो. पोरगं पहिली टीप लिहितं पुस्तकाची, संपादकाच्या नावानं. पुढच्या दहा टीपा तत्रैव, पृ. 40, तत्रैव, पृ. 112. पण पान 40 वर एका लेखकाचा लेख आणि 112 वर दुसऱ्याचा! तत्रैव म्हणजे "तिथेच", वरच्याच लेखात. लेखक बदलला की तत्रैव संपलं, परत नाव लिहायचं. एका गौरवग्रंथावरचा प्रबंध तपासला मी, 60 तळटीपांत एकाही लेखकाचं नाव नव्हतं, फक्त संपादक. सगळा गौरव एकट्यालाच.

आणि ताई, तुमच्या नोंदीत तो "मध्ये" शेवटी लोंबकळतोय तो मला खटकला. इंग्रजीत इन आधी येतो, मराठीत मध्ये नंतर, म्हणून ती नोंद वाचताना श्वास अडकतो. आम्ही लेखाच्या नावानंतर "समाविष्ट:" लिहितो आणि पुढं पुस्तक.

ग्रंथपाल_ताई · रात्री 10:41

"समाविष्ट" चांगलं वाटतं. पण काही विभाग "अंतर्भूत" लिहितात, काही जण नुसता स्वल्पविराम. मराठीत याचं कोणी एक ठरवलेलं मी तरी पाहिलं नाही. एका प्रबंधात एकच ठेवा म्हणजे झालं.

मराठीचा_मास्तर · रात्री 10:44

झालं कसं, मग मराठी शैलीच काय राहिली. असो, यावर वेगळा धागा काढतो.

घाटंजीची_मास्तरीण · बुधवार, रात्री 9:20

अपडेट. काल शाळेतून हाफ डे घेऊन गेली होती, पहिल्या पानाचा फोटो आणला. 1979 चीच प्रत निघाली, वाचली! पण मून यांच्या नावाआधी "कंपाइल्ड बाय" आहे, म्हणजे संकलक. सरांना मेसेज टाकला, निळी टिक आली, उत्तर नाही.

मग 23 गोलांचा हिशोब लावला. पान 3 ते 22 मधले 9 निघाले, ते सगळे 1917/1979ब केले. 23 ते 96 मधले 11, ते 1936/1979अ. एक वाक्य खरंच खंडाबद्दल होतं, ते मून यांच्या नावानंच ठेवलं आणि यादीत पूर्ण खंडाची वेगळी नोंद टाकली. राहिले दोन. त्यात मी पान नंबरच लिहिला नव्हता. जातीबाहेर लग्न न करण्याबद्दल आहे दोन्ही, आणि दोन्ही निबंधांत त्याबद्दल लिहिलेलं आहे, मग मी कुठून घेतलं तेच आठवत नाही. जुनी वही शोधली, त्यात पण "मून" एवढंच लिहिलेलं.

अन अजून एक सांगायचं राहिलं. 1917 आणि 1936 वेगळे केल्यावर दुसऱ्या प्रकरणातला एक परिच्छेदच उलटा पडला. मी लिहिलं होतं की आधी ते धर्मशास्त्रांवर तुटून पडतात आणि नंतर विवाहाच्या बंधनावर येतात. तारखा लावल्या तर विवाहाची गोष्ट आधीच्या निबंधात आणि शास्त्रांवरचा हल्ला नंतरच्यात. खंड मी मागून वाचला होता, आधी ॲनिहिलेशन, मग पहिला निबंध, न तोच क्रम त्यांच्या विचाराचा समजून बसली.

कापूस_ते_कंप्युटर · रात्री 9:41

बापरे. हे गोल केलेल्या 23 मध्ये होतं का?

घाटंजीची_मास्तरीण · रात्री 9:44

नाही ना. सरांच्या पण नजरेतून सुटलं होतं.

ग्रंथपाल_ताई · रात्री 10:02

त्या दोन जागांसाठी दोन्ही निबंध पेन्सिल घेऊन परत वाचा, 94 पानंच आहेत. वाक्य सापडलं नाही तर ते वाक्य काढा, अंदाजानं पान टाकू नका.

प्राध्यापक_बिनपगारी · रात्री 10:15

आणि मॅडम, माझ्या चॅप्टरचं कोणाला माहीत असेल तर सांगाल. तो माणूस आता 1500 वर आला.